आजोबांच्या डबीतली गोळी

मोरा बंदरात ओहोटी असली की गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. भाऊच्या धक्क्याकडे जायचं तर भरतीची वाट पाहायची. तेवढ्यात घरातलं पोर तापलं, तर हात आधी घरातल्या डबीकडे जातो. त्या डबीत आजोबांची हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिनची गोळी असते, नाहीतर डोकेदुखीसाठी आणलेली, पाण्यात विरघळणारी गोळी. तीही अ‍ॅस्पिरिनच. ‘अगं, अर्धी दे, ताप उतरेल’, असं आजी म्हणते, आणि ताप खरोखरच उतरतो.

तसं पाहिलं तर आजीचं काही चुकत नाही. एके काळी डॉक्टरही मुलांना हीच गोळी देत. १९६३ साली सिडनीच्या मुलांच्या इस्पितळातले पॅथॉलॉजिस्ट डग्लस राय यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २१ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. साधं आजारपण, मग थांबता न थांबणाऱ्या उलट्या, झटके, बेशुद्धी. त्यातली १७ मुलं गेली. शवविच्छेदनात मेंदू सुजलेला आणि यकृत चरबीनं पिवळं पडलेलं दिसलं. कारण मात्र राय यांना सापडलं नाही. आजाराला त्यांचं नाव मिळालं, ‘राय सिंड्रोम’.

बोट अ‍ॅस्पिरिनकडे वळलं ते पुढं अमेरिकेत. फ्लू किंवा कांजिण्यांनंतर हा आजार झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा आजारी पडलेल्यांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली मुलं फार जास्त निघाली. १९८० पासून पालकांना इशारे दिले जाऊ लागले आणि १९८६ मध्ये गोळीच्या वेष्टनावर सूचना छापणं बंधनकारक झालं. १९८० च्या सुमारास वर्षाला साडेपाचशेवर रुग्ण नोंदले गेले होते, १९८७ नंतर ते कुठल्याच वर्षी ३६ च्या वर गेले नाहीत. ब्रिटननं आधी बारा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका असं सांगितलं, २००२ मध्ये ती मर्यादा सोळापर्यंत नेली. म्हणजे मिसरूड फुटलेला मुलगाही यात आला.

मला यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. गोळी आणि विषाणू मिळून नेमकं काय बिघडवतात, हे आजही पुरतं उलगडलेलं नाही. पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात, यकृताला अमोनिया निस्तरता येत नाही, तो रक्तात साचतो आणि मेंदू सुजतो, एवढं ठाऊक आहे. जुन्या रुग्णांपैकी काहींना मुळात जन्मजात चयापचयाचा दोष असावा, हेही नंतर लक्षात आलं. त्यामुळे सगळी घट सूचनेच्याच खात्यावर मांडता येणार नाही. तरीही कोडं सुटायच्या आधीच आजार जवळजवळ नाहीसा झाला, तोही मुख्यतः एक गोळी न दिल्यानं.

फसवणूक होते ती वेळेमुळे. समजा, नऊ वर्षांच्या मुलाला फ्लू झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला, घरातले निर्धास्त झाले. आणि त्याच संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. वाटतं, काही बाधलं असेल. मग पोर पेंगतं, हाक मारली तर चिडतं, विसंगत बोलू लागतं. यकृत बिघडलंय म्हणावं तर डोळे पिवळे होत नाहीत, कारण या आजारात कावीळ सहसा दिसत नाही. एसजीपीटी, साखर आणि अमोनिया तपासल्याशिवाय ते कळत नाही. अशा वेळी भरतीची वाट न पाहता रस्त्यानं इस्पितळ गाठावं, आणि कुठली गोळी दिली होती ते आपणहून सांगावं. नेमका उतारा नाही. साखर सांभाळणं आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं एवढंच हाती असतं, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

तापाला पॅरासिटामॉल आहेच. एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवायचं आणि दिवसात चारच्या वर डोस द्यायचे नाहीत. बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते वाचूनच मोजायचं, कारण प्रत्येक बाटलीची ताकद सारखी नसते. पावसाळ्यात डेंग्यूचीही शंका असते. त्यात अ‍ॅस्पिरिननं रक्तस्रावाची भीती वाढते, आणि आयबुप्रोफेनही टाळायचं असतं.

कावासाकी आजारात मात्र डॉक्टर मुलांना जाणूनबुजून अ‍ॅस्पिरिन देतात, कारण तिथं हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवायच्या असतात. ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ती दीर्घकाळ चालणार असेल तर मुलाला फ्लूची लस देतात. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि गोळी चालू ठेवायची की बदलायची, हे त्यांना ठरवू द्यायचं.