शब्द टाकण्याआधीचा नकार

नोकरी ओळखीने मिळते, हे आपण जरा नाक मुरडूनच बोलतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मात्र त्याचा रीतसर अभ्यास केला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले, ही जागा तुम्हाला कळली कुठून? निम्म्याहून अधिक जणांना ती कुणाच्या तरी ओळखीतून मिळाली होती. १९७३ सालच्या त्याच्या निबंधातली नवलाची गोष्ट अशी, की ही ओळख सहसा जिवलग मित्राची नव्हती. ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती, एखाद्या जुन्या सहकाऱ्याची किंवा जुन्या साहेबाची. रोजच्या मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते.

याच शोधाची दुसरी बाजू नकार देणाऱ्याने ध्यानात घ्यावी. जिवलग मित्राला ‘नको’ म्हटले आणि त्याला लागले, तर संध्याकाळच्या चहावर ते मिटते. वर्षातून एकदा फोन करणाऱ्या वरिष्ठाच्या मनात तो नकार पुढच्या फोनपर्यंत तसाच राहतो.

कोल्हापुरातल्या एका छोट्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत माझ्या परिचयाची एक इंजिनिअर काम करते. तिचे पूर्वीचे वरिष्ठ आता पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत आहेत. त्यांचा फोन आला, “अगं, आमच्याकडे जागा निघतेय. जाहिरात अजून यायचीय. मी साहेबांच्या कानावर घालतो, तू फक्त बायोडाटा पाठव.” तिने एका रात्रीची मुदत मागून घेतली.

तिला जायचे नव्हते. इथे ती इमारतीचे डिझाइनही करते आणि स्लॅब भरण्याआधी साइटवर जाऊन सळईही स्वतः तपासते. मोठ्या कंपनीत ही कामे बहुधा दोन वेगळ्या माणसांकडे असतात. प्रश्न उरला सांगण्याचा.

सर्वांत सोपी वाट होती बायोडाटा पाठवून ठेवायची आणि पुढचे पुढे बघायचे. पण त्या क्षणापासून खर्च होऊ लागते ती वरिष्ठांची पत. ते शब्द टाकतात, मुलाखतीची वेळ ठरते, तीन-चार माणसे आपला वेळ मोडतात. ऑफर लेटर हातात आल्यावर नकार दिला, तर पुढच्या वेळी त्यांनी सुचवलेल्या नावाकडे साहेब साशंकपणे बघतात. ते पत्र दाखवून आहे तिथेच पगार वाढवून घेणे तर त्याहून वाईट. कारण तो सौदा दुसऱ्याच्या भांडवलावर होतो. म्हणून नकाराची खरी मुदत शब्द टाकला जाण्याआधी संपते.

दुसरी वाट सबबीची. पुण्यात भाडी फार, आईची तब्येत, पगाराचे काय ते माहीत नाही. मन मोठे असलेल्या माणसापुढे सबब टिकत नाही, कारण तो ती सोडवायला बसतो. पगाराचे मी बोलतो, म्हणतो. घरून काम करायची सोय बघतो. मग नवी सबब शोधावी लागते, आणि तिसऱ्या सबबीला त्याला उमगते की आपल्याला टोलवले जातेय. समाधान हे एकच कारण असे आहे की त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

तिने सकाळी स्वतः फोन केला. “सर, तुम्हाला माझं नाव सुचलं, याचा मला खूप आनंद झाला. पण मी इथे खरंच रमलेय. डिझाइन आणि साइट, दोन्ही मला करायला मिळतं आणि ते मला सोडायचं नाहीये. तुम्ही साहेबांशी बोलायच्या आधी सांगावं, म्हणून लगेच फोन केला.” त्यांनी विचारले, “पैशांचा प्रश्न आहे का?” ती म्हणाली, “नाही सर. तो असता तर तुम्हालाच सांगितलं असतं.”

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवरच्या निबंधात दाखवले, की देण्याइतकेच घेणेही बंधनकारक असते. भेट नाकारणे म्हणजे नाते नाकारणे ठरू शकते. तिने नोकरी नाकारली, पण सरांनी दाखवलेला विश्वास स्वीकारला. त्या पुण्याच्या कंपनीत काय कमी आहे, याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. सर तिथेच काम करतात. आपल्या कचेरीतही तिने विषय काढला नाही, कारण जाहिरात न आलेल्या जागेची बातमी सरांची होती.

सरांनी मग दुसरे कुणी आहे का, असे विचारले. तिच्या मनात एक नाव होते, पण आधी त्या माणसाला विचारते, मग कळवते, असे ती म्हणाली. दुसऱ्याचे नाव पुढे करताना आता तिचीही पत लागणार होती.

या सगळ्याला एक अट आहे. समाधान खरे हवे. मुलाखतीची धास्ती किंवा गाव सोडण्याचा कंटाळा समाधानाच्या नावाखाली सहज खपतो. सध्याच्या कामातली कोणती गोष्ट तिकडे मिळणार नाही, हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर नकार देण्याआधी वरिष्ठांना त्या जागेबद्दल आणखी चार प्रश्न विचारावेत. त्यांचा शब्द अजून खर्च झालेला नसतो, तोवर असे विचारण्यात कुणाचेच नुकसान नाही.