कट झालेले पैसे कुणाचे?

भूम तालुक्यातल्या ईटमध्ये जमिनीचा व्यवहार ठरला, की खरेदीखतासाठी रजिस्ट्री ऑफिस गाठावं लागतंच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मात्र आता घरबसल्या किंवा गावातल्या सेवा केंद्रावरून भरता येते. राज्य शासनाच्या ग्रास पोर्टलवर, म्हणजे gras.mahakosh.gov.in वर पैसे भरायचे, चलन छापून घ्यायचं आणि दस्तासोबत न्यायचं.

समजा, चलन 22,000 रुपयांचं आहे. शेतकऱ्याने रोख मोजून दिली, केंद्रचालकाने स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरणा केला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी पान कोरं झालं. तेवढ्यात मोबाइलवर बँकेचा मेसेज आला: 22,000 रुपये कट. चलन नाही. दस्त उद्या सकाळचा, विकणारा परगावाहून यायचा, साक्षीदार ठरलेले. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘पुन्हा भरून टाका, पहिले आपोआप येतील परत.’ या सल्ल्यातला अर्धाच भाग खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी भानगड आहे.

पोर्टल तुम्हाला बँकेकडे पाठवतं, त्याच्या आधीच एक क्रमांक तयार झालेला असतो. त्याला GRN म्हणतात. तो MH ने सुरू होतो आणि त्यात आर्थिक वर्षाचे आकडे असतात. म्हणजे पैसे हलण्याआधी त्या भरण्याचं बारसं झालेलं असतं. नंतर बँक खात्यातून रक्कम कापते, आपला एक क्रमांक देते, त्याला CIN म्हणतात, आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप पोर्टलला उलट कळवते. बहुतेक वेळा गोंधळ होतो तो या उलट निरोपात. लाइट गेली, रेंज गेली, बँकेचा सर्व्हर अडला, किंवा घाबरून कुणी मागे जायचं बटण दाबलं, की पैसे एकीकडे आणि बातमी दुसरीकडे अशी गत होते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा भरायच्या आधी तो GRN शोधायचा. लिहून ठेवला नसेल, तर ब्राउझरच्या हिस्ट्रीत किंवा मोबाइलवरच्या मेसेजमध्ये बहुधा सापडतो. मग त्याच पोर्टलवर Search Challan मध्ये तो टाकायचा. चलनावर बँकेचा CIN आणि बँकेची तारीख उमटली असेल तर पैसे सरकारकडे पोचले. चलन छापून घ्यायचं, दुसरं भरायचं कारणच नाही. इथे एक गंमत आहे. व्यवस्थित भरलेल्या ताज्या चलनावरही Not Verified with RBI आणि Not Verified with Scroll असं छापून येतं, आणि ते वाचून माणसं पुन्हा घाबरतात. बँकेची यादी आणि रिझर्व्ह बँकेतला हिशेब सरकारी खात्याशी नंतर जुळवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. बघायचं ते CIN कडे.

CIN नसेल तर बँकेकडे वळायचं. शाखेत ‘पैसे कटले’ एवढंच सांगून भागत नाही. GRN, रक्कम, वेळ आणि खात्याच्या उताऱ्यातली ती ओळ दाखवून विचारायचं, की या भरण्याला CIN दिलाय का, की रक्कम उलटवली जाणार आहे? यूपीआयने भरले असतील तर अॅपमध्ये बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो, तो जवळ ठेवायचा. खात्यातून पैसे कटले पण समोरच्याला निरोप पोचला नाही, अशा यूपीआय आणि कार्डाच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

आता तो अर्धवट सल्ला पुन्हा पाहू. पहिले पैसे वाटेत अडकले असतील तर ते आपोआप येतात. पण ते सरकारजमा झाले असतील, नुसता निरोप राहिला असेल, आणि आपण दुसऱ्यांदा भरले, तर दोन्ही चलनं खरी ठरतात. एक दस्ताला लागतं, दुसरं बिनवापराचं पडून राहतं, आणि त्यातलं मुद्रांक शुल्क परत मिळवायला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुदतीत रीतसर अर्ज करावा लागतो. कागद जोडा, खेटे घाला. इथे आपोआप काहीच होत नाही.

मला खरा प्रश्न वाटतो तो आपोआप येणाऱ्या पैशांचा. ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परततात. आपल्या उदाहरणात खातं केंद्रचालकाचं आहे. शेतकऱ्याने घाईपोटी 22,000 रोख दुसऱ्यांदा मोजले, दस्त झाला, तो आपल्या कामाला लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिले 22,000 केंद्रचालकाच्या खात्यात जमा होतात. मेसेज त्याच्याच मोबाइलवर येतो. दिवसभरात वीस जणांचे भरणे करणाऱ्या माणसाच्या खात्यात ती रक्कम इतर रकमांत मिसळून जाते. कदाचित त्याचंही लक्ष जात नाही. इथे चोरी करायला काही करावंच लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने मागणी होताच हिशेब द्यावा, असं भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 213 मध्ये आहे. त्याच्या वतीने हाती आलेली रक्कमही त्याला द्यायची, हे कलम 218 सांगतं. पण ‘मागणी होताच’ या अटीपाशी घोडं अडतं. पैसे परत आल्याचं ज्याला ठाऊकच नाही, तो मागणार काय? शेतकऱ्याच्या लेखी ‘पहिल्या वेळचे पैसे गेले’ एवढीच नोंद असते, आणि सरकारी कामात पैसे जाण्याची त्याला सवय असते. न मागितलेला हिशेब द्यायची जबाबदारी कायद्याच्या कागदावरून उतरून माणसाच्या अंगावर येते ती इथे.

केंद्रचालकाची बाजूही आहे. पोर्टल अडलं तर शिव्या त्याला, आणि अडकलेली रक्कम परत येईपर्यंत कित्येकदा त्याचंच भांडवल गुंतलेलं असतं. काही जण तर शेतकऱ्याकडून दुसऱ्यांदा पैसे न घेता पदरचे घालतात. तेव्हा परत आलेली रक्कम अर्थातच त्यांची. पण ती कुणाची, हे कोणत्या वेळी कुणी रोख मोजली त्यावर ठरतं, आणि ते सहा दिवसांनी आठवत नाही. म्हणून अडकलेल्या प्रत्येक भरण्याची नोंद वहीत त्याच क्षणी व्हावी: तारीख, GRN, रक्कम, कुणाची रोख, मोबाइल नंबर. त्याच मजकुराची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. शक्य असेल तिथे भरणा त्याच्याच खात्यातून करावा, म्हणजे परत येणारी रक्कम आणि तिचा मेसेज सरळ त्याच्याकडे जाईल.

आणि काउंटरपलीकडच्यांनाही एक सांगायचं आहे. ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ हे उत्तर खरं असतं. ‘तुम्ही भरलेच नाहीत’ हे पुष्कळदा खोटं असतं. पहिल्या उत्तरानंतर माणूस बँकेत जाऊन CIN विचारतो. दुसऱ्या उत्तरानंतर तो पुन्हा खिशात हात घालतो.