युद्धानंतरचे प्रायश्चित्त

आपल्या मराठीत एक सोय झाली आहे आणि ती मला बरेच दिवस खटकते आहे. युरोपातल्या क्रुसेडला आपण 'धर्मयुद्ध' म्हणतो, जिहादलाही 'धर्मयुद्ध' म्हणतो, आणि कुरुक्षेत्राला तर म्हणतोच. शब्द एकच वापरला की वस्तूही एकच वाटू लागते. मग देवळाच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळे धर्म सारखेच. दुसरा म्हणतो, आमचे तेवढे शुद्ध, बाकी सगळे खोटे. पोथी उघडून बघायचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

युद्ध का केले, असे विचारले तर प्रत्येक जण चांगलेच कारण सांगतो. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो. युद्ध संपले, आपण जिंकलो, कारणही न्यायाचे होते. आता ज्याने माणसे मारली त्याच्या माथी काही उरते की नाही?

दत्तभक्तांना या प्रश्नासाठी लांब जायला नको. कार्तवीर्य अर्जुन, म्हणजे आपला सहस्रार्जुन, हा दत्तप्रभूंचा शिष्य. त्याला हजार हात मिळाले हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याने आणखी काय मागितले ते फार थोड्यांच्या लक्षात राहते. महाभारतात आणि मत्स्यपुराणात त्याचे वर सांगितले आहेत. तपशिलात थोडा फरक आहे, पण एक वर दोन्हीकडे आहे: मी अधर्माकडे वळलो तर सज्जनांनी मला आवरावे. अहो, हजार हात मागणाऱ्याने त्याच दमात आपल्याला अडवणाराही मागितला! मला तर हजार हातांपेक्षा हाच वर मोठा वाटतो.

पुढची कथा भागवतातली. शिकारीला निघालेला राजा जमदग्नींच्या आश्रमात आला, धेनूच्या कृपेने ससैन्य जेवला, आणि जाताना तीच धेनू वासरासकट जबरदस्तीने नेली. परशुराम धावून गेले, माहिष्मतीच्या वेशीपाशी त्याला गाठून मारले आणि गाय सोडवून आणली. कारण न्यायाचे होते की नव्हते? होतेच. राजा चोर, आणि परशुराम तर साक्षात अवतार. तरी घरी आल्यावर जमदग्नी शाबासकी देत नाहीत. ते म्हणतात, राम, तू पाप केलेस. आपण ब्राह्मण क्षमेमुळे पूज्य झालो. अभिषिक्त राजाचा वध फार मोठा दोष आहे, जा, तीर्थयात्रा करून तो फेड. आणि परशुराम उलट उत्तर न देता वर्षभर तीर्थे हिंडून येतात.

आता जरा इंग्लंडात जाऊ. साल १०६६. नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडच्या राजाला हरवले. आपला हक्क डावलला गेला असे त्याचे म्हणणे, आणि पोपचाही त्याला पाठिंबा होता. म्हणजे ख्रिस्ती शास्त्री ज्याला 'न्याय्य युद्ध' म्हणतात त्यातलेच हे, निदान जिंकणाऱ्यांच्या मते. (अधिकृत राजा, योग्य कारण आणि शुद्ध हेतू, या तीन अटी थॉमस अ‍ॅक्विनस यांनी पुढे तेराव्या शतकात नीट मांडल्या.) तरीसुद्धा लढाईनंतर थोड्याच वर्षांत नॉर्मन बिशपांनी जिंकलेल्या सैनिकांनाच प्रायश्चित्त लावले, आणि पोपच्या वकिलाने त्याला मान्यता दिली. ज्याने माणूस मारला त्याने प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जखमी केले पण मेला की नाही माहीत नाही, त्याने माणशी चाळीस दिवस. किती मारले याचा हिशेबच ज्याला लागत नाही, त्याने जन्मभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर मंदिर बांधावे किंवा कायमचा दानधर्म करावा. तिरंदाजांसाठी वेगळा नियम, कारण बाण कुणाला लागला ते त्यांना कळत नाही.

एका माणसामागे एक वर्ष. परशुरामांनाही एका राजामागे एकच वर्ष लागले. हा योगायोग असेल, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण भाव ओळखीचा आहे: करणे भाग होते, म्हणून ते निर्मळ झाले असे नव्हे.

यानंतर तीस वर्षेही गेली नाहीत आणि तिथेच फासे पालटले. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरे अर्बन यांनी धर्मसभा भरवली. तिथे ठरले की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमच्या सुटकेसाठी जाईल, त्याची ती वाटचालच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल. बघा काय झाले ते. काल लढाईसाठी प्रायश्चित्त घ्यावे लागत होते, आज लढाईला जाणे हेच प्रायश्चित्त झाले. न्याय्य युद्ध आणि पवित्र युद्ध यांच्यातली रेघ मला इथे दिसते. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा आत भयंकर कत्तल झाली, आणि ती आटोपल्यावर त्याच लोकांनी देवापुढे जाऊन आनंदाश्रू ढाळले. अर्बन यांनी हेतू शुद्ध असण्याची अट घातली होती, हे खरे. पण हेतू शुद्ध होता हे रणांगणावर मोजायचे कुणी?

जिहाद यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. मुळात शब्दाचा अर्थ झटणे. शस्त्राचा जिहाद हे धर्मकर्तव्य आहे आणि त्यात मरणाऱ्याला हुतात्म्याचे पद आहे, म्हणून तो क्रुसेडसारखा दिसतो. पण त्याला कायद्याची चौकटही आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या सेनापतीला दिलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत: बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठातल्या साधूंना हात लावू नका. आणि कुराणाच्या चौथ्या अध्यायात, चुकून श्रद्धावान मारला गेला, मग तो शत्रूच्या लोकांतला का असेना, तर गुलाम मुक्त करावा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने उपवास करावा, असे आहे. म्हणजे प्रायश्चित्त आहे, पण ते अनवधानाने झालेल्या वधापुरते. या चौकटी पुढच्या काळात किती पाळल्या गेल्या हा प्रश्न वेगळा, आणि तो एकट्या मुसलमानांना विचारायचा नाही.

आता आपल्याकडे वळू, नाहीतर हा लेख आपलीच पाठ थोपटणारा होईल. रणात मेला तर स्वर्ग, हे आपणही सांगितलेच आहे, गीतेतही आहे. फरक एवढाच की तो स्वर्ग क्षात्रधर्माचा आहे, एका पक्षाचा नाही. युधिष्ठिर शेवटी स्वर्गात पोचतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कोण दिसतो? दुर्योधन, सिंहासनावर बसलेला! युधिष्ठिराला ते सहन होत नाही. क्लेरमाँच्या हिशेबात शत्रूला अशी जागा सापडणे कठीण.

आणि परशुरामांची गोष्ट त्या तीर्थयात्रेपाशी संपत नाही. सहस्रार्जुनाच्या मुलांनी सूड म्हणून ध्यानस्थ जमदग्नींचे शिर कापले. मग परशुरामांनी एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. एकाच्या अपराधासाठी ज्यांनी काही केले नव्हते तेही गेले. 'दोष लागतो' म्हणून सांगणारे वडील आता नव्हते. समंतपंचकात रक्ताची पाच तळी भरली, तिथे परशुरामांनी पितरांचे तर्पण केले. तेव्हा ऋचीकादी पितर प्रकट झाले, प्रसन्न होऊन वर माग म्हणाले. परशुरामांनी मागितले ते हे, की रागाच्या भरात मी क्षत्रियांचा जो संहार केला त्या पापातून मला सोडवा. पितर 'तथास्तु' म्हणाले, आणि आता थांब, असेही त्यांना सांगितले.