नऊ हजारांचं गाणं

वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या मुलखात येतं. इथली बरीच शेती पावसावरची आहे. सोयाबीन निघालं की शेतमजुरी आटते आणि या भागातली माणसं पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला जातात. पुढचा वाद कल्पित आहे. त्यातली वहिनी आसेगावात राहते आणि तिचा नवरा पुण्यात मिस्त्रीच्या हाताखाली काम करतो, असं धरलं आहे. लेखकाला अशा मजुराचं गाणं रचायचं आहे. पैसे पाठवल्यावर महिन्यातून एकदा जो फोन होतो, त्या एका फोनमधूनच ते पूर्ण सांगायचं आहे. अडचण एवढीच की त्या फोनवर मजूर खरं बोलत नाही. गाण्यानं त्याचं खोटं उघडं करावं का?

लेखक : वहिनी, गाणं फोनचंच का, ते आधी सांगतो. टपाल खात्याची मनिऑर्डर 1880 पासून चालत आली. तिच्या फॉर्मला खाली एक छोटं कूपन असे आणि त्यावर दोन-चार ओळी लिहिता येत. वीस रुपयांना एक रुपया कमिशन द्यावं लागे, पण त्यात पैसे आणि शब्द एकाच कागदावरून, एकाच पोस्टमनच्या हातून घरी पोचत. मुंबईच्या गिरण्यांतल्या हजारो माणसांचे कोकणातले आणि घाटावरचे संसार त्या कागदावर चालले. 2008 मध्ये इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डर आली आणि मजकूर ठरावीक संदेशांच्या यादीतून निवडायचा झाला. 2015 मध्ये जुनी कागदी मनिऑर्डर बंद पडली, 2016 मध्ये यूपीआय आलं. आता पैसे घटकेत येतात, पण मुके येतात. शब्द वेगळ्या वाटेनं, फोनवरून येतात. पगार झाल्यावरच्या त्या एका फोनात ही दोन्ही पुन्हा एकत्र येतात. 'टाकले, पाय आले का' आणि 'आले, तुमी जेवले का' ही वाक्यं तिथं शेजारी बसतात. म्हणून मजुराचं सगळं जगणं त्या फोनात सापडेल असं मला वाटतं.

वहिनी : भाऊ, फोन तं रोजच येते. सकाळी येते, रात्री येते, कधी व्हिडिओवर भिताडच दिसते अन् तो बोलत राह्यते. पन पैशाचा फोन वेगळा राह्यते, हे तुमचं खरं. त्या दिवशी तो आवाज मोठा करून बोलते. इकडे स्पीकर चालू, बाजूले सासू बसली, पोरगं मधातच हात घालते. पयले गावात एकाच्या घरी फोन होता तवाही असंच होतं. त्यायच्या घरी पळत जा अन् सगळ्यायच्या समोर बोला. पैशाच्या फोनवर आमच्यात मनातलं कोनी बोलतच नाई. मंग तुमी गान्यात काय टाकसान?

लेखक : हिशेब टाकीन. विरहाची गाणी आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांत भावना सहज फुगते. आकडा फुगत नाही. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. मुंबईला आलेला कष्टकरी गावाकडे राहिलेल्या मैनेची आठवण गातो, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती ताटातूट बेळगाव-कारवारसह बाहेर राहिलेल्या मुलखाचीही झाली. एका घरचं दुःख एका राज्याचं झालं, हे तिचं मोठेपण. मला उलट दिशेनं जायचंय. राज्याएवढी गोष्ट एका घराच्या आकड्यात बसवायची आहे. समजा, तुमच्या माणसाला दिवसाला 600 रुपये हजेरी मिळते. महिन्यात 26 दिवस भरले तर 15,600 होतात. खोलीतला वाटा 2,000, जेवण 3,500, रिचार्ज आणि वरखर्च 600 गेले की 9,500 उरतात. त्यातले पाचशे जवळ ठेवून तो 9,000 टाकतो. गाण्याचं पालुपद तेवढंच, 'नऊ हजार टाकले'. दर महिन्याला तोच आकडा, तोच सूर. ऐकणाऱ्याला रडवण्यासाठी मला दुसरा शब्द लागणार नाही.

वहिनी : अन् पाऊस लागला त्या महिन्यात? त्यानंच सांगतलं होतं का पाच दिवस स्लॅबचं काम बंद होतं. तरी बी नऊच आले. तुमीच करा वजाबाकी. एकवीस दिवसाचे 12,600 झाले, तुमचा तिकडला खर्च 6,100. हाती उरले 6,500. मंग वरचे अडीच हजार कुठून आले? मुकादमाकडून उचल घेतली. पुढच्या महिन्यात थे कापल्या जाईन, तरी बी नऊच येतीन, म्हंजे आनखी उचल. भाऊ, नऊ हजार खरे हायत, पन थे त्याचे नाईत. तुमचा आकडा बी खोटं बोलते, अन् भावनेपेक्षा सफाईनं बोलते.

लेखक : मान्य. मग पालुपद तेच राहील आणि कडव्यात खरी वजाबाकी येईल. फोनवर तो नऊ म्हणेल, आणि ऐकणाऱ्याला अडीच हजारांची उचल कळेल. गाण्याचा सगळा ताण या दोन आकड्यांमधल्या अंतरात राहील.

वहिनी : ऐकनारा कोन? मी बी ऐकतो ना. गानं मोबाइलवर येईन, सासू ऐकन, शेजारची ऐकन. तो घरापासून जे लपवून राह्यला, थे तुमी गावभर सांगसान. त्याच्याजवळ घरासाठी ठेवलेली एकच इज्जत हाय, का आपल्या मानसाचे नऊ चुकत नाईत. थे तुमाले कडव्यात मोडाचं हाय. मंग खरं लपवलं तं गानं खोटं, अन् सांगतलं तं त्याचं घर उघडं. यातून कसे निघसान?

लेखक : खरं बोलण्याच्या बाजूनं मी नुसता नीतीचा धडा देत नाही. या खोट्याला किंमत आहे. नऊ हजार ही कमाई समजून तुम्ही बचत गटाचं कर्ज घ्याल, त्याचा हप्ता नऊ हजारांच्या बेतानं ठरेल, आणि उचल फिटेनाशी झाली की एका महिन्यात दोन्ही घरं एकदम कोसळतील. धर्मराजानंही 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना शब्द खरा ठेवला होता आणि अर्थ खोटा. तुमच्या माणसाचंही तसंच. नऊ हजार टाकले हे खरं, कमावले हे खोटं. अर्ध्या सत्याचा रथ केव्हातरी जमिनीवर येतोच.

वहिनी : धर्मराज मानूस मारासाठी अर्धं बोलला. आमचा मानूस घर चालवासाठी बोलते. दोघाले एकाच तागडीत तोलू नका. अन् फसवलं कोनाले? मले उचल माहीत हाय. मले माहीत हाय, थे त्यालेही माहीत हाय. म्हनून तं बचत गटाचा हप्ता मी नऊवर नाई, सहावर धरतो. तुमी ज्याले खोटं म्हनता, थे आमच्यात दोघायनं मिळून सांभाळलेलं हाय.

लेखक : इथं माझा युक्तिवाद अडतो. दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीला फसवणूक म्हणता येत नाही. पण तुम्हा दोघांच्या या समजुतीचा फायदा तिसरा घेतो. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, खर्चाचा मजुराच्या डोक्यात आणि घरचा तुमच्याकडे. हे तीन हिशेब कधी शेजारी मांडले जात नाहीत. ते मांडले तर उचल किती फिटली, किती कापली, किती दिवस मुद्दाम कमी लागले, हे दिसेल. ऊसतोडीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल दिली जाते. हंगाम संपतो आणि उचल उरते. तुमची शालीनता मुकादमाच्या कामाला येते, वहिनी. ती मोडली तर घराची लाज जाईल, पण वहीही उघडी पडेल.

वहिनी : मंग मुकादमाचं गानं लिहा ना. कबुली आमच्याच मानसाच्या तोंडून काऊन पाह्यजे? ज्याची वही हाय त्याले गावू द्या. अन् दुसरं सांगतो. तुमच्या गान्यात फोन सारखा त्याच्याच हातात हाय. मी काय लपवतो, थे कुठं हाय? मागच्या महिन्यात बकरी इकली, त्याले सांगतलं नाई. निंदाले गेलो अन् फोनवर म्हटलं घरीच हाव. तो तिकडून नऊ म्हनते, मी इकडून 'सगळं बरं हाय' म्हनतो. माझ्या आकड्याले तुमच्या कडव्यात जागा नाई.

लेखक : हा आक्षेप माझ्यावरच नाही, या प्रकारच्या बहुतेक गाण्यांवर आहे. मैनेचं वर्णन होतं, मैना बोलत नाही. केरळात 1977 मध्ये एस. ए. जमील यांनी मलबारच्या मापिळ्ळा गाण्यांच्या चालीत दुबईच्या पत्राचं गाणं केलं. त्यात आखातात गेलेल्या माणसाची बायको बोलते. नवऱ्याचं उत्तर मग वेगळ्या गाण्यात आलं. पत्र एकतर्फी जातं, म्हणून तिथं दोन गाणी लागली. आपल्या बायकांची बाजू जात्यावरच्या ओव्यांत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. पण ती ओवी जात्यापाशी गायली जाई, ती परगावच्या माणसाला ऐकू जात नव्हती. फोनला दोन टोकं आहेत. एकाच ओळीत दोघं बोलू शकतात, ही सोय पत्राला नव्हती आणि जात्यालाही नव्हती. तेव्हा रचना बदलतो. 'आवाज येऊन राह्यला का' असं दोघांनी एकमेकांना विचारायचं, तो नऊ हजार म्हणेल, ती बरं हाय म्हणेल. मधल्या कडव्यात दोघं गप्प आणि मुकादम हप्त्याच्या दिवशी वही वाचेल, हजेरी 21, उचल अडीच, कापले इतके. कबुली कुणाच्याच तोंडी नाही.

वहिनी : थे बरं हाय. पन सासू अडानी नाई भाऊ. मुकादम वाचन अन् तिले आमचंच घर दिसन. अन् माझी बकरी अजून बी कोनाच्याच वहीत नाई.

लेखक : सासूबाईंना दिसेल, ते मी टाळू शकत नाही. आणि बकरीचं कडवं तुम्हीच रचलं पाहिजे, कारण ती किंमत मला ठाऊक नाही.

वाद इथं थांबतो, मिटत नाही. लेखकाचा निकाल मात्र एका बाबतीत ठाम आहे. परगावच्या मजुराचं गाणं रचणाऱ्यानं त्याच्या डोळ्यांतलं पाणी आधी बाजूला ठेवावं आणि तीन हिशेब एका कागदावर मांडावेत, त्याचा, तिचा आणि वहीवाल्याचा. यातला एक जरी गाळला, तरी ते गाणं मुकादमाच्या सोयीचं होतं, मग चाल कितीही गोड असो.