अक्षय्य तृतीया ते मृग

लातूरकडे शेती करणाऱ्या माझ्या चुलतभावाने एका अक्षय्य तृतीयेला फोन केला होता. "दादा, पेरणीला पन्नास हजार लागतील. सोयाबीन निघालं की दिवाळीत परत देतो." पैसे द्यायचे नाहीत, हे माझ्या मनात त्याच क्षणी ठरलं होतं. तरी मी म्हणालो, "बघतो."

त्या एका शब्दाने पुढे काय काय झालं, ते मला फार उशिरा कळलं. त्याची पाच एकर जमीन. सोयाबीनचं बियाणं एकरी तीस किलोच्या आसपास लागतं, म्हणजे दीड क्विंटल. मागच्या हंगामातलं सोयाबीन त्याच्या घरात होतं. त्यातलं निवडून, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची, सत्तरच्या वर कोंब आले की तेच बियाणं पेरायचं, हे तो दर वर्षी करतो. पण या वेळी माझ्याकडून पैसे येणार म्हणून त्याने नवं बियाणं विकत घ्यायचं ठरवलं आणि घरातला सगळा माल मे महिन्यात विकून त्या पैशांत घरची देणी भागवली. सोसायटीच्या पीककर्जासाठीही तो धावला नाही. सातबारा आणि आठ-अ काढायचा, इतर बँकांचे बेबाकी दाखले आणायचे, यात पंधरा दिवस सहज जातात. ते दिवस त्याच्याकडे होते. माझ्या "बघतो"ने ते संपवले.

मेमध्ये त्याने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पैशांचा विषय काढला नाही, पाऊसपाण्याचंच बोलला. आज त्या फोनची आठवण मला सगळ्यात जास्त टोचते. नकार मिळालेला माणूस निदान मोकळा असतो. होकाराची वाट पाहणारा माणूस समोरच्याचा आवाज तपासत राहतो. पुन्हा विचारावं तर तगादा वाटेल, न विचारावं तर विसरतील. दुसऱ्या कुणाकडे मागायचं तर "दादा देतोय म्हणाला ना?" हा प्रश्न घरातूनच येतो.

मृग लागला, पाऊस झाला. पेरणीला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडलेला असावा लागतो, आणि तो पडला की वापसा आल्यावर मोजकेच दिवस हाती असतात. तेव्हा मी सांगितलं, "या वेळी जमत नाही रे." त्याने दुकानातून बियाणं आणि खत उधारीवर उचललं. तिथे रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. शिवाय दुकानदाराचीच आडत असल्याने मालही त्यालाच घालावा लागला, तो देईल त्या भावाने. एप्रिलमध्ये मी "नाही" म्हटलं असतं तर त्याला आठ दिवस वाईट वाटलं असतं, बस.

मी "बघतो" का म्हणालो? त्याच्यासाठी नाही. फोनवरची ती दोन अवघड मिनिटं मला टाळायची होती. मी माझा संकोच वाचवला आणि त्याची किंमत त्याच्या हंगामातून वळती झाली.

नकार नीट द्यायचा तर पहिलं वाक्य नकाराचंच असावं. "तुला तर माहीतच आहे, हल्ली खर्च..." असं सुरू झालं की ऐकणारा वाक्याच्या शेवटी "पण" येईल म्हणून आशा धरतो. "सध्या" आणि "तूर्तास" हे शब्द गाळावेत. त्यांतून पुढच्या महिन्याचं दार किलकिलं राहतं. कारण एकच द्यावं आणि ते खरं असावं. "एफडी मोडता येत नाही" म्हटलं की समोरचा भाबडेपणाने तोड सुचवतो, "एफडीवर कर्ज मिळतं की!" मग दुसरं कारण शोधावं लागतं. द्यायचं नसेल तर "शकत नाही" म्हणू नये. "देणार नाही" हे कठोर वाटतं, पण त्यात फसवणूक नाही. आणि शेवटी "माझ्या भरवशावर राहू नकोस" हे उघड सांगावं.

खरोखरच ठरलं नसेल तर? तसं असू शकतं, घरात विचारायचं असतं. मग दिवस सांगावा: "रविवारी संध्याकाळी मीच फोन करीन." आणि तो फोन आपणच करावा, उत्तर "नाही" असलं तरी.

दोन वर्षांनी त्याने पुन्हा मागितले, बोअरसाठी. मी म्हणालो, "नाही, यासाठी मी पैसे देणार नाही. नात्यात उसनवारी करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. माझी वाट पाहू नकोस." फोनवर शांतता पसरली. "तरी बघतो" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी गप्प राहिलो. मग त्याने विचारलं, "वहिनीचा गुडघा कसा आहे आता?"