पान दिसते, दाणा दिसत नाही

पीक विम्यातून शेतकऱ्याला किती पैसे मिळणार, हे शेवटी एका आकड्यावर ठरते: त्याच्या महसूल मंडळात त्या वर्षी हेक्टरी सरासरी किती उत्पादन आले. हा आकडा पूर्वी फक्त पीक कापणी प्रयोगातून येत असे. मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग घ्यायचे, चिठ्ठीने निघालेल्या गटांत ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, काट्यावर तोलायचे. २०२३च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘येस-टेक’ नावाची पद्धत आली आणि या आकड्यात उपग्रहाचा वाटा धरला जाऊ लागला. आधी भात आणि गहू, पुढे सोयाबीन. प्रतिमांवरून काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के भार. हा वाटा आणखी वाढवावा, असा आग्रहही वाढतो आहे. मला वाटते की उपग्रहाचा खरा उपयोग वेगळ्याच जागी आहे, आणि सोयाबीनच्या उदाहरणाने ते नीट समजते.

उपग्रह उत्पादन मोजत नाही. सेंटिनेल-२ सारखा उपग्रह दर काही दिवसांनी शेतावरून जातो आणि दहा मीटरच्या चौकोनागणिक परावर्तित प्रकाश टिपतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंतल्या फरकावरून पीक किती हिरवे आणि दाट आहे ते कळते. मग प्रारूप हिशेब करते: इतक्या पानांनी इतका सूर्यप्रकाश शोषला, पाण्याचा ताण अमुक होता, म्हणजे वाळलेल्या झाडाचे वजन इतके भरेल. इथपर्यंतचा हिशेब बऱ्यापैकी भरवशाचा असतो. अडचण शेवटच्या पायरीवर आहे. झाडाच्या वजनात दाण्याचा वाटा किती, हे एका गुणकाने ठरवावे लागते, आणि तो गुणक आकाशातून दिसत नाही.

सोयाबीनमध्ये हाच गुणक बराच हलतो. जुलैत चांगला पाऊस झाला तर पीक जोमाने वाढते, रान हिरवेगार दिसते. पण फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना तीन आठवड्यांचा खंड पडला, तर फुले गळतात, शेंगा पोचट राहतात आणि पाने तरीही बराच काळ हिरवी दिसतात. २०२३चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन तेव्हा नेमके याच अवस्थेत होते. पाठोपाठ सप्टेंबरात पिवळ्या मोझॅकने शेते पिवळी पडली. वरून पाहिले तर रोगाने आलेला पिवळेपणा आणि पक्वतेचा पिवळेपणा यांत फार फरक नसतो. जेएस ९५६० हे वाण साधारण ८५ दिवसांत पक्व होते, जेएस ३३५ त्याहून काही दिवस उशिरा. कोणत्या शेतात कोणते वाण कधी पेरले हे ठाऊक नसेल, तर लवकर तयार झालेले शेत आणि रोगाने गेलेले शेत एकाच रांगेत बसतात.

यात मराठवाड्यातले आंतरपीक मिसळा. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. दहा मीटरच्या चौकोनात दोन्ही पिके एकत्र टिपली जातात, आणि सोयाबीन वाळल्यावरही तूर हिरवीच असते. शिवाय पीक भरात असते तेच महिने ढगांचे. ढगाआडून पाहणारे रडार मदतीला येते, पण त्याच्या लहरी पिकाची ठेवण आणि ओलावा सांगतात. पान किती निरोगी आहे ते सांगत नाहीत.

मग यंत्रशिक्षण हा गुणक शिकून घेणार नाही का? घेईल, पण कशावरून? मागच्या वर्षांच्या पीक कापणी प्रयोगांवरूनच. त्यात तोलण्यातली कुचराई असेल, दाण्याचा ओलावा न मोजता वजन लिहिले असेल, तर तेही प्रारूप शिकते. याहून गंभीर दोष वेगळाच आहे. सरासरी चूक कमीत कमी ठेवणारे प्रारूप माहिती अपुरी पडली की सरासरीकडे झुकते. त्यामुळे ते चांगल्या वर्षी उत्पादन थोडे कमी सांगते आणि वाईट वर्षी जास्त. विम्याची गरज तर वाईट वर्षीच असते.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १००० किलो, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. कापणी प्रयोगात सरासरी ६०० किलो निघाले. तूट ४० टक्के, भरपाई २०,००० रुपये. आता प्रारूपाने सरासरीकडे झुकून ९०० किलो सांगितले. ७० टक्के भाराने ४२० आणि ३० टक्के भाराने २७० मिळून ६९० किलो होतात. तूट ३१ टक्के, भरपाई १५,५०० रुपये. निम्मा-निम्मा भार दिला तर उत्पादन ७५० किलो आणि भरपाई १२,५००. कोणी लबाडी केली नाही, गणितही चुकले नाही. तरी हेक्टरी साडेसात हजार रुपये गेले.

म्हणून ‘प्रारूप अचूक आहे’ असे कोणी म्हणाले की दोन प्रश्न विचारावेत. पहिला: तपासणी कोणत्या वर्षावर केली? त्याच वर्षातली काही शेते शिकायला आणि काही तपासायला ठेवली, तर निकाल नेहमीच देखणा येतो. एखादे पूर्ण वर्ष, तेही दुष्काळाचे, शिकवताना बाजूला ठेवून त्याच्यावर प्रारूप पारखले पाहिजे. दुसरा: दरवर्षी मंडळाची जुनी सरासरीच सांगितली असती तर किती चूक झाली असती? प्रारूपाची चूक त्याहून फारशी कमी नसेल, तर त्याने नवे काहीच सांगितलेले नाही.

कापणी प्रयोग निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक ही आधीच कामांनी वाकलेली माणसे ते करतात. प्रयोगाच्या दिवशी शेतकरी आणि विमा कंपनी दोन्हीकडून ओढाताण असते. दहा चौकोनांवर हजारो हेक्टरांचा निवाडा करणे हीसुद्धा मोठी उडी आहे. उपग्रहाची जागा नेमकी इथे आहे. मंडळात कुठे पीक जोमदार, कुठे मध्यम, कुठे खुरटलेले, हे तो उत्तम सांगतो, कारण एकाच दिवशी शेजारशेजारची शेते ताडून पाहणे ही त्याची ताकद आहे. ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून सोयाबीनची शेते निवडावीत, प्रतिमांवरून त्यांचे थर पाडावेत, आणि प्रत्येक थरातून त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात चिठ्ठीने प्रयोग घ्यावेत. मग तेच दहा प्रयोग मंडळाचे खरे चित्र अधिक नेमके देतील. कापणीचा आकडा आणि प्रतिमा यांत मोठी तफावत दिसली, तर सरासरी काढून वाद मिटवू नये. काढणी उरकण्याआधी त्या मंडळात पुन्हा कापणी करावी, तीही दोन्ही बाजूंच्या समक्ष.

आणि जोवर प्रारूपाचा आकडा भरपाईत धरला जातो, तोवर प्रत्येक मंडळाचे कापणीचे उत्पादन, प्रारूपाचे उत्पादन आणि दोहोंचा मेळ असे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. कापणी प्रयोगावर शेतकरी हरकत घेऊ शकतो, कारण काटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. प्रतिमेवरून निघालेल्या आकड्यावर हरकत घेण्याची तितकीच सोय होईपर्यंत त्याचा भार वाढवणे अन्यायाचे ठरेल.