सोयाबीनचा हमीभाव : सिरसाळ्याच्या पुतण्याला पत्र

परळी
जून २०२५

चि. धाकट्यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "काका, सरकारने सोयाबीनला पाच हजार तीनशे अठ्ठावीस दिले. यंदा तीन एकर सोयाबीनच पेरतो." पेर. पण २८ मेला दिल्लीत जाहीर झालेला हा आकडा म्हणजे तुझ्या आडत्याने द्यायचा भाव, असं धरून चालू नकोस.

गेल्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता. तरी हंगामात आपल्या भागातल्या बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास रखडलं होतं. व्यापाऱ्याने काही चोरी केली नव्हती. केंद्राच्या घोषणेने तो बांधला जात नाही, कारण हमीभावाच्या मागे केंद्राचा कायदा नाही. घोषणेचा अर्थ एवढाच की बाजार खाली गेला तर सरकार नाफेड किंवा एनसीसीएफमार्फत केंद्रं उघडून या दराने काही माल घेईल. त्यातला 'काही' नीट लक्षात ठेव. राज्याच्या उत्पादनाच्या साधारण चौथ्या हिश्शापर्यंतच या योजनेतून खरेदी होते, तीही ठरलेल्या मुदतीत. गेल्या हंगामात कित्येक केंद्रांवर बारदाना संपला म्हणून मापं थांबली आणि नोंदणी केलेले शेतकरी ताटकळत बसले. नाव लागलं म्हणजे माल विकला गेला असं नसतं. मोबाईलवर निरोप येईपर्यंत वाट पाहावी लागते.

दीडपट भावाचं गणितही समजून घे. कृषी मूल्य आयोगाने सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,५५२ धरला आणि त्याच्या दीडपट म्हणजे ५,३२८. या खर्चात बियाणं, खत, मजुरी आणि घरच्यांच्या कष्टाचं मोल येतं. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज मात्र येत नाही. शिवाय ही सगळ्या देशाची सरासरी आहे. सिरसाळ्याच्या रानात ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली आणि एकरी उतारा निम्म्यावर आला, तर तुझा क्विंटलचा खर्च जवळजवळ दुप्पट होईल. हमीभाव तेवढाच राहील.

आता खरेदी केंद्राच्या काट्यावर काय होतं ते सांगतो. मालात ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. गेल्या वर्षी ओरड झाल्यावर केंद्र सरकारने तो पंधरापर्यंत चालवून घेतला, पण त्या सवलतीच्या भरवशावर यंदा राहू नकोस. समज, मळणीनंतर तुझ्याकडे वीस क्विंटल आहे आणि ओलावा सोळा टक्के. तसाच बाजारात नेलास आणि ४,२०० मिळाले तर ८४,००० होतात. ताडपत्रीवर पातळ पसरून तोच माल बाराला आणलास तर वजन साधारण एकोणीस क्विंटल नऊ किलो भरेल. म्हणजे क्विंटलभर पाणी उडालं. तरी हमीभावाने त्याचे एक लाखाच्या वर, १,०१,७०० च्या आसपास होतात. फरक सतरा हजार सातशेच्या आसपास. त्यातून वाळवणीची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि थांबायचे दिवस वजा कर. डिसेंबरात उसनवारी फेडायची असेल तर ते थांबणंच महाग पडतं, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक अडचण. केंद्र तुझ्याकडे आहे तेवढा सगळा माल घेत नाही. जिल्ह्याच्या उत्पादकतेवरून एकरी मर्यादा ठरते आणि ती तुझ्या सातबाऱ्यावरच्या पेऱ्याला लावतात. समज, मर्यादा एकरी सहा क्विंटल ठरली, तर तीन एकरांचे अठराच क्विंटल जातील. वरचा क्विंटलभर बाजारात जाईल, त्या दिवशी बाजार देईल त्या भावाने. म्हणून घरात पैशांचा हिशेब मांडताना सगळ्या मालाला ५,३२८ लावू नकोस.

मळणीच्या वेळी यंत्र फार जोरात पळवू देऊ नकोस. फुटलेला दाणा, काडीकचरा, माती चाळणीत लगेच दिसते आणि तिथेच माल परत जातो. दाणा दाताखाली कटकन फुटला तर वाळलाय, दबला तर अजून ऊन दे. हा अंदाज झाला, शेवटचा शब्द ओलावा मापक यंत्राचाच. पोती भरण्याआधी नमुना नेऊन तपासून आण, म्हणजे भाडं दोनदा भरावं लागत नाही.

सातबारा अजून दादांच्या नावावर आहे ना? मग नोंदणी, आधार आणि बँक पासबुक त्यांचंच लागेल. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आत्ताच बघ, आणि थकीत कर्जापायी बँकेने त्यावर होल्ड लावलेला नाही ना, तेही विचार. ई-पीक पाहणी साधारण ऑगस्टपासून सुरू होते. शेतात उभं राहून सोयाबीनचा फोटो काढून ती नोंद पहिल्या आठवड्यातच कर. पेऱ्याची नोंद नसेल तर केंद्रावर तुझं सोयाबीन कितीही चांगलं असलं तरी त्याचं माप होणार नाही.

तुझा,
काका